नव्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यांत प्रोफाइल केव्हा बदलावे आणि त्यात काय लिहावे

नव्या नोकरीत रुजू झाल्यावर लिंक्डइनचे प्रोफाइल अपडेट करणे हे एकच काम आहे, असे बहुतेकांना वाटते आणि म्हणून एखाद्या रविवारी संध्याकाळी बसून ते एका बैठकीत उरकून टाकतात. प्रत्यक्षात त्यात तीन निरनिराळी कामे असतात. आपण नोकरी शोधत आहोत असे सांगणाऱ्या जुन्या खुणा पुसणे हे पहिले, जुनी नोकरी संपली आणि नवी सुरू झाली याची अचूक नोंद करणे हे दुसरे आणि ही बातमी चारचौघांना कळवणे हे तिसरे. पहिले काम रुजू होण्याच्या आधीच व्हायला हवे. दुसऱ्यातील जुन्या नोकरीची नोंद शेवटचा दिवस झाला की लगेच बंद करावी, नव्या नोकरीच्या नोंदीला मात्र रुजू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनंतरचा काळ योग्य असतो. तिसरे त्याहूनही उशिरा करावे आणि ते अजिबात केले नाही तरी काही बिघडत नाही. तिन्ही कामे एकाच वेळी केल्यामुळे होणारे घोटाळे मी भरतीच्या कामात असल्याने वरचेवर पाहतो, आणि बहुतेक वेळा त्यांचे मूळ मजकुरापेक्षा वेळेत आणि क्रमात असते.

पुढचे विवेचन समजायला सोपे जावे म्हणून एक कल्पित पण अगदी नेहमीचे उदाहरण घेऊ. साताऱ्याची एक तरुणी पुण्यात मगरपट्ट्यातील एका कंपनीत चार वर्षे टेस्ट इंजिनिअर होती. शुक्रवार, ३० मे २०२५ हा तिचा तिथला शेवटचा दिवस होता आणि सोमवार, ९ जून रोजी ती हिंजवडीतील दुसऱ्या कंपनीत रुजू झाली. नोटीस पिरियडच्या काळात तिच्या लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये «टेस्ट इंजिनिअर, सर्व्हिंग नोटीस पिरियड, लास्ट वर्किंग डे ३० मे» असे लिहिलेले होते, फोटोभोवती हिरवे वर्तुळ होते आणि नौकरी डॉट कॉमवर तिचे प्रोफाइल सुरू होते. नोकरी बदलणाऱ्या बहुतेकांची अवस्था अशीच असते.

पहिली पायरी: रुजू होण्यापूर्वीची आवराआवर

जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस येण्याआधी एक गोष्ट तपासावी. लिंक्डइनचे खाते कंपनीच्या ईमेलवर उघडलेले असेल, तर तो ईमेल ज्या संध्याकाळी बंद होईल, त्यानंतर पासवर्ड विसरला की खाते परत मिळवणे फार जिकिरीचे होते. म्हणून Settings & Privacy मधील Sign in & security या भागात जाऊन स्वतःचा खासगी ईमेल जोडावा, तोच मुख्य ठेवावा आणि कंपनीचा ईमेल काढून टाकावा. नव्या कंपनीचा ईमेल पुढे नोकरीच्या पडताळणीसाठी जोडता येतो. पण मुख्य ईमेल मात्र कायम स्वतःचाच असावा.

यानंतर Open to work ही खूण बंद करावी. या सुविधेचे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवे वर्तुळ येते आणि ते सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात ही माहिती फक्त भरती करणाऱ्यांना दिसते, आणि आपल्या सध्याच्या कंपनीतील भरती करणाऱ्यांपासून ती लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही. यातली खोच अशी की, आपली सध्याची कंपनी कोणती हे लिंक्डइन आपल्या प्रोफाइलवरूनच ओळखते. आपल्या उदाहरणातील तरुणी ९ जूनला रुजू झाली, पण प्रोफाइलवर अजून जुनीच कंपनी असेल, तर लिंक्डइन तिची खूण जुन्या कंपनीपासून लपवत राहील आणि नव्या कंपनीच्या भरती विभागाला ती दिसू शकेल. ज्यांनी तिला आठवड्यापूर्वीच घेतले, त्यांच्याच पडद्यावर ती नोकरी शोधणाऱ्यांच्या यादीत येणे कोणालाही आवडणार नाही. म्हणून ही खूण रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, किंबहुना नेमणूक पक्की झाली की लगेच, बंद करावी. नव्या कंपनीची नोंद झाली की ती आपोआप लपेल, या भरवशावर राहू नये.

हेडलाइनमधील नोटीस पिरियडचा उल्लेखही याच वेळी काढावा. हेडलाइन एकदा आपल्या हाताने बदललेली असली की नवी नोकरी नोंदवल्यावर ती आपोआप बदलेलच असे नाही. त्यामुळे «इमिजिएट जॉइनर» असे लिहिलेले लोक रुजू होऊन सहा महिने झाले तरी तसेच मिरवताना दिसतात. मधल्या काळासाठी हेडलाइन अगदी साधी ठेवावी: कंपनीचे नाव नको, पदाचा दर्जा नको, फक्त आपण काय काम करतो ते असावे. आपल्या तरुणीने «सॉफ्टवेअर टेस्टिंग, पेमेंट सिस्टिम्स» एवढेच ठेवले, तर ते ३० मे रोजीही खरे असते आणि ९ जून रोजीही.

आता नौकरी डॉट कॉम. लिंक्डइनकडे लक्ष देणारे लोकही याकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते गोंधळ जास्त इथेच होतो. या स्थळावर भरती करणारे उमेदवारांना शोधताना दोन चाळण्या हमखास लावतात: नोटीस पिरियड किती आणि प्रोफाइल अलीकडे केव्हा वापरले गेले. तुम्ही रुजू झाल्यावर इमानदारीने तिथे जाऊन नव्या कंपनीचे नाव भरले, तर त्या कृतीमुळेच प्रोफाइल ताजे ठरते आणि शोधात वर येते. परिणामी जो बदल तुम्ही नोकरी लागली हे सांगण्यासाठी केला, तो भरती करणाऱ्याला तुम्ही पुन्हा बाजारात उतरल्याची खूण वाटतो, आणि तुमच्या नव्या कंपनीचे एचआरही उमेदवार शोधायला बहुधा हेच स्थळ वापरत असते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत तिथे काहीही भरू नये. सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल भरती करणाऱ्यांना दिसणे बंद करावे, नोकऱ्यांच्या सूचनांचे ईमेल थांबवावेत आणि तिथून बाहेर पडावे. एवढे करूनही काही काळ फोन येत राहतात, कारण तुमचा बायोडेटा अनेकांनी आधीच उतरवून घेतलेला असतो. त्यांना «मी नुकताच रुजू झालो आहे, सध्या बदल करण्याचा विचार नाही» एवढे एक वाक्य पुरे.

दुसरी पायरी: जुन्या नोकरीची नोंद बंद करणे

शेवटचा दिवस झाला की जुन्या नोकरीला समाप्तीची तारीख द्यावी. यासाठी नवी नोकरी नोंदवण्याची वाट पाहण्याची गरज नाही. काही लोकांना भीती वाटते की मधले दोन-तीन आठवडे प्रोफाइलवर कोणतीच चालू नोकरी दिसणार नाही. ती भीती अनाठायी आहे. ३० मेपासून ९ जूनपर्यंत ती तरुणी खरोखरच कुठेही नोकरीत नव्हती, आणि पुढचे तीन आठवडे नवे नाव दिसले नाही म्हणून कोणाचे काही अडत नाही. उलट जुनी कंपनी «सध्या कार्यरत» म्हणून दिसत राहिली, तर ते विधान चुकीचे असते, आणि तिथल्या एचआरला त्यावर हरकत घेता येते.

हे काम आधी आणि स्वतंत्रपणे करण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. नवी नोकरी भरण्याच्या फॉर्ममध्येच जुनी नोकरी आताच्या तारखेने संपवण्याचा एक चौकोन असतो. तो टिचकी मारायला सोपा आहे, पण त्यात समाप्ती म्हणून चालू महिना पडतो. आपली तरुणी नवी नोंद जूनच्या अखेरीस करणार असेल आणि तिने तो चौकोन वापरला, तर जुनी नोकरी जूनमध्ये संपल्याचे दिसेल. रिलिव्हिंग लेटरवर मात्र ३० मे असेल. फरक एका महिन्याचाच, पण नंतरच्या एखाद्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये बायोडेटा, रिलिव्हिंग लेटर आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील सेवेचा तपशील समोरासमोर ठेवून पाहतात, आणि बायोडेटा बहुतेक वेळा आपण लिंक्डइनवरूनच पाहून लिहिलेला असतो. चूक अशी एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत जाते.

याउलट तो चौकोनही वापरला नाही आणि जुनी नोंदही बंद केली नाही, तर दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात. पूर्वी याकडे कोणी फारसे पाहत नसे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी एकाच वेळी काम करताना आढळलेल्या ३०० कर्मचाऱ्यांना कमी केल्याचे सांगितले, आणि त्यानंतर आयटी कंपन्यांत दुहेरी नोकरीचा विषय चांगलाच तापला. आज दोन चालू नोकऱ्या दाखवणारे प्रोफाइल निष्काळजीपणातून आले आहे की खरोखर काही भानगड आहे, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि ठरवायला तो तुम्हाला विचारेलच असेही नाही.

जुन्या नोकरीखालचा मजकूर सुधारण्याचीही हीच वेळ आहे. चार वर्षांत काय केले ते आता स्पष्ट आठवते. वर्षभराने त्यातले निम्मे धूसर होईल. क्रियापदे भूतकाळात न्यावीत, निरर्थक ओळी काढाव्यात आणि उरलेल्या दोन-तीन ओळी ठोस कराव्यात. «विविध प्रकल्पांत चाचणीची जबाबदारी सांभाळली» या ओळीतून काहीच कळत नाही. «बँकांच्या पेमेंट गेटवेसाठी एपीआय चाचण्यांचा संच उभा केला आणि दर रिलीजपूर्वीची हाताने होणारी तपासणी त्यावर आणली» या ओळीतून काम दिसते, आणि तरीही कोणत्या बँकेसाठी हे उघड होत नाही. ग्राहकाचे नाव, प्रकल्पाचे आतले सांकेतिक नाव, व्यवहारांचे आकडे हे लिहू नये. गोपनीयतेचा करार नोकरी सोडल्यावरही संपत नाही.

तिसरी पायरी: नवी नोंद करण्यापूर्वीची प्रतीक्षा

नवी नोंद पहिल्याच दिवशी का करू नये, याची तीन कारणे आहेत आणि तिन्ही वेगळ्या जातीची आहेत.

पहिले कारण कागदपत्रांचे. अनेक कंपन्यांत नेमणूक ही बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवर अवलंबून असते, आणि ते रुजू झाल्यानंतरही काही आठवडे चालू राहते. जुन्या कंपनीचे रिलिव्हिंग लेटरही शेवटच्या दिवशी हातात पडत नाही. हिशेब पूर्ण होईपर्यंत ते लांबते. ही दोन्ही कामे मार्गी लागण्यापूर्वी नव्या कंपनीचे नाव लावणे म्हणजे ज्यावर अजून शिक्का बसलेला नाही अशी गोष्ट जाहीर करणे होय. ऑफर लेटर मिळताच नाव लावणाऱ्यांची स्थिती तर आणखी नाजूक असते. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते, क्वचित ऑफर मागे घेतली जाते, आणि तोपर्यंत जुन्या कंपनीतील सर्वांना तुम्ही कुठे जाणार हे कळून चुकलेले असते.

दुसरे कारण हुद्द्याचे. मुलाखतीत एक पद सांगितले जाते, नेमणूकपत्रावर दुसरे असते आणि कंपनीच्या अंतर्गत प्रणालीत तिसरेच दिसते. आपल्या तरुणीला मुलाखत घेणाऱ्याने «तुम्ही सीनियर म्हणून येत आहात» असे सांगितले होते. नेमणूकपत्रावर «असोसिएट क्वालिटी इंजिनिअर» असे होते. प्रणालीत त्यापुढे श्रेणीचा एक क्रमांकही जोडलेला होता. रुजू होऊन दोन आठवडे झाल्याशिवाय या तिन्हींपैकी बाहेर कोणते वापरायचे हे कळत नाही. अंदाज बांधण्यापेक्षा एचआरला एक लहान ईमेल पाठवावा आणि त्यात दोनच प्रश्न विचारावेत: लिंक्डइनवर माझे पदनाम कसे लिहावे, आणि समाजमाध्यमांबाबत कंपनीचे काही धोरण असल्यास ते कुठे वाचता येईल. असा ईमेल नवख्या माणसाने पाठवला तर कोणी नवल मानत नाही, आणि लेखी उत्तर हाती राहते.

तिसरे कारण सुरक्षिततेचे आहे, आणि नवख्यांना ते बहुधा ठाऊक नसते. फसवणूक करणारे लोक लिंक्डइनवर नव्याने रुजू झालेल्यांवर नजर ठेवतात. नाव लागल्यानंतर काही दिवसांतच कंपनीच्या प्रमुखाच्या नावाने व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर संदेश येतो: मी बैठकीत आहे, एक तातडीचे काम आहे, अमुक रकमेची गिफ्ट कार्डे घेऊन त्यांचे क्रमांक पाठवा. जुना कर्मचारी हे पाहून हसतो. पहिल्या आठवड्यातील माणसाला मात्र साहेबांची बोलण्याची पद्धत ठाऊक नसते, नकार द्यायला तो धजत नाही आणि नेमका फसतो. दोन-तीन आठवड्यांत इंडक्शन होते, कोण कोणाला थेट संदेश पाठवतो हे समजते आणि असा संदेश आला तर शेजारच्या टेबलावर विचारण्याइतकी ओळख झालेली असते. ओळखपत्राचा फोटो टाकण्याची हौसही याच कारणासाठी आवरावी. त्यावर कर्मचारी क्रमांक आणि बारकोड असतो.

मग प्रतीक्षा किती करावी? प्रोबेशन संपेपर्यंत, म्हणजे तीन किंवा सहा महिने, थांबावे असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. इतका उशीर केला की सहकारी तुम्हाला शोधतात आणि त्यांना तुम्ही सापडत नाही, आणि तुम्ही ही नोकरी मनाने स्वीकारलेली नाही असा संशयही येऊ शकतो. रिलिव्हिंग लेटर मिळाले, पदनाम लेखी कळले आणि इंडक्शन झाले, या तीन गोष्टी झाल्या की नोंद करावी. सर्वसाधारणपणे हे तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात घडते. रिलिव्हिंग लेटर फारच लांबले, तर उरलेल्या दोन गोष्टींवर पुढे जायला हरकत नाही.

विक्री, भरती आणि सल्लागार सेवा या क्षेत्रांना मात्र हा नियम लागू होत नाही. तिथे ग्राहकाशी बोलणे पहिल्याच आठवड्यात सुरू होते आणि समोरचा माणूस बैठकीपूर्वी तुमचे प्रोफाइल उघडून पाहतो. त्यावर जुन्या, कदाचित प्रतिस्पर्धी, कंपनीचे नाव असणे गैरसोयीचे असते. अशा वेळी वरिष्ठांना विचारून पहिल्या आठवड्यातच नोंद करावी. ती शांतपणे कशी करायची, ते पुढे आले आहे.

चौथी पायरी: नवी नोंद शांतपणे करणे

नोंद करण्यापूर्वी सूचना बंद आहे का ते पाहावे. नोकरी भरण्याच्या फॉर्ममध्ये वरच्या बाजूला Notify network असे एक बटण असते. ते चालू असेल तर बदल जतन केल्यावर तुमच्या ओळखीच्या लोकांना त्याची सूचना जाऊ शकते. Settings & Privacy मधील Visibility या भागातही नोकरीतील बदल इतरांना कळवण्याची सेटिंग आहे. पडद्यावरचे शब्द आणि जागा लिंक्डइन अधूनमधून बदलते, त्यामुळे शब्द जुळले नाहीत तर त्याच अर्थाची सेटिंग शोधावी. दोन्ही ठिकाणी बंद करून मगच पुढे जावे. एकदा गेलेली सूचना नंतर बटण बंद करून परत घेता येत नाही, आणि ती गेली हे कळण्याचा मार्ग म्हणजे पाठोपाठ येणारे अभिनंदनाचे संदेश.

कंपनीचे नाव टाइप करून न सोडता खाली उघडणाऱ्या यादीतून निवडावे. एकाच नावाची दोन-तीन पाने असतात: मूळ परदेशी कंपनीचे, भारतातील उपकंपनीचे, आणि कधी कोणीतरी चुकून तयार केलेले रिकामे पानही. तुमच्या टीममधील दोघा-तिघांनी कोणते निवडले आहे ते पाहून तेच घ्यावे. जतन केल्यावर कंपनीचे बोधचिन्ह दिसले आणि कंपनीच्या पानावर कर्मचाऱ्यांमध्ये तुमचे नाव आले, तर निवड बरोबर झाली असे समजावे. बोधचिन्हाच्या जागी करडा चौकोन दिसला, तर बहुधा नाव नुसतेच टाइप झालेले असते.

जे थर्ड पार्टी पेरोलवर आहेत, म्हणजे काम एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत करतात पण पगार दुसरीच कंपनी देते, त्यांनी इथे विशेष जपावे. मोठ्या कंपनीचे नाव लावण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि नेमणूकपत्र आणि निर्वाह निधी दोन्ही पगार देणाऱ्या कंपनीच्या नावावर असतात, आणि पडताळणीत मोठी कंपनी «असा कर्मचारी आमच्याकडे नव्हता» असेच उत्तर देईल, कारण तिच्या दृष्टीने ते खरेच आहे. कंपनी म्हणून पगार देणाऱ्याचेच नाव लिहावे, नोकरीचा प्रकार कंत्राटी असल्यास तसा निवडावा, आणि ग्राहक कंपनीचा उल्लेख परवानगी असेल तरच खालच्या मजकुरात करावा.

पदनाम एचआरने लेखी कळवले तेच लिहावे. «असोसिएट» हा शब्द कमी दर्जाचा वाटतो म्हणून तो गाळणे किंवा तोंडी आश्वासनावर «सीनियर» जोडणे टाळावे. वर्षभराने खरोखर सीनियर झाल्यावर ती बढती दाखवायला जागाच उरत नाही, हा त्यातला दुर्लक्षित तोटा. पदनामातून काम कळत नसेल, तर ते सांगण्याची जागा हेडलाइन आहे. तिथे २२० अक्षरे मिळतात, पण तेवढी वापरायलाच हवीत असे नाही. आपल्या तरुणीची नोंद अशी होईल:

पदनाम: असोसिएट क्वालिटी इंजिनिअर
कालावधी: जून २०२५ ते आजपर्यंत
हेडलाइन: क्वालिटी इंजिनिअर, पेमेंट सिस्टिम्स, एपीआय टेस्टिंग
मजकूर: डिजिटल पेमेंट्स विभागात सॉफ्टवेअर चाचणी.

मजकुराची ओळ एकच का, असा प्रश्न पडेल. तीन आठवड्यांत इंडक्शन, लॅपटॉप, प्रवेशाच्या परवानग्या आणि जुना कोड वाचणे यापलीकडे फारसे काही झालेले नसते, आणि ते लिहिण्यासारखे नाही. ही रिकामी जागा भरण्यासाठी लोक नोकरीच्या जाहिरातीतील जबाबदाऱ्यांची यादी जशीच्या तशी उतरवतात. ती यादी वाचणारा ओळखतो, कारण जाहिरात त्यानेच किंवा त्याच्यासारख्याच कोणीतरी लिहिलेली असते. शिवाय तिच्यातील निम्मी कामे प्रत्यक्षात तुमच्याकडे येतीलच असे नाही. विभाग आणि कामाचे स्वरूप सांगणारी एक ओळ लिहावी आणि साधारण चार-सहा महिन्यांनी, दाखवण्यासारखे काही पूर्ण झाल्यावर, तिथे परत यावे.

सगळे जतन केल्यानंतर खात्यातून बाहेर पडून, किंवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत, आपलेच प्रोफाइल उघडून पाहावे. स्वतःच्या खात्यातून दिसणारे आणि बाहेरच्याला दिसणारे प्रोफाइल वेगळे असते. एखाद्या मित्राच्या खात्यातून पाहिले तर आणखी बरे. हेडलाइन, चालू नोकरी आणि जुन्या नोकरीचा महिना या तीनच जागा त्याला तपासायला सांगाव्यात. त्या तरुणीच्या बाबतीत मे २०२५ आणि जून २०२५ असे सलग दोन महिने दिसले, की तिची नोंद कागदपत्रांशी जुळली.

पाचवी पायरी: जाहीर करायचे असल्यास

नोंद करणे आणि जाहीर करणे यांत पंधरा दिवसांचे तरी अंतर असावे असे माझे मत आहे. त्यामुळे नोंदीत काही चूक राहिली असेल तर ती कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी दुरुस्त होते, आणि लिहिताना सांगण्यासारखे काहीतरी हाताशी असते. आपल्या उदाहरणात नोंद शनिवार, २८ जूनला झाली, तर घोषणा जुलैच्या मध्यात यावी. कंपनीचे एचआर नवीन रुजू झालेल्यांची नावे स्वतःच कंपनीच्या पानावर टाकत असेल, तर त्या पोस्टनंतरच आपली टाकावी.

मजकुराबाबत सर्वांत जास्त खटकते ती जुन्या कंपनीविषयीची भाषा. «अखेर सुटका झाली», «जिथे कदर आहे अशा ठिकाणी आलो» अशी वाक्ये लिहिणाऱ्याला निरुपद्रवी वाटतात. नवे वरिष्ठ ती वाचून मनात इतकीच नोंद घेतात की हा उद्या आपल्याविषयीही असेच लिहील. दुसऱ्या टोकाला लांबलचक आभारप्रदर्शन असते, ज्यात पंधरा जणांना टॅग केलेले असते आणि सोळावा नाराज होतो. पगारवाढ, आलेल्या ऑफरची संख्या आणि नव्या प्रकल्पाचे नाव या तीन गोष्टी तर कधीच लिहू नयेत. पहिल्या दोन असभ्य दिसतात आणि तिसरी गोपनीयतेचा भंग ठरू शकते.

लिंक्डइन स्वतःच एक तयार वाक्य देऊ करते, ज्यात नवीन पद स्वीकारल्याचा आनंद व्यक्त केलेला असतो. ते वापरण्यात गैर काही नाही, फक्त त्यातून वाचणाऱ्याला पदाशिवाय काही मिळत नाही. चार-पाच वाक्ये स्वतः लिहायची असतील, तर आता कुठे आहोत, कोणत्या विषयावर काम करणार आहोत, जुन्या ठिकाणी नेमके काय शिकलो आणि कोणी कशासाठी संपर्क करावा, एवढे पुरेसे आहे. उदाहरणार्थ:

«जूनपासून मी डिजिटल पेमेंट्सच्या क्षेत्रातील एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम करत आहे. आधीच्या कंपनीतील चार वर्षांत एपीआय चाचण्या मी शून्यापासून शिकले, आणि तिथल्या टेस्टिंग टीमने त्यासाठी दिलेला वेळ लक्षात राहील. इथे माझे काम मुख्यतः पेमेंटच्या प्रणालींची चाचणी करण्याचे आहे. या विषयात काम करणाऱ्यांशी अनुभवांची देवाणघेवाण करायला आवडेल.»

कंपनीचे नाव यात मुद्दाम नाही. ते प्रोफाइलवर आहेच, आणि पोस्टमध्ये टॅग केले की ती पोस्ट कंपनीच्या संपर्क विभागापर्यंत पोहोचते. धोरण वाचले असेल आणि त्यात परवानगी असेल, तर नाव घालायला हरकत नाही. «इथे माझे काम» या वाक्यात मात्र विभागाच्या पुढे जाऊ नये. कोणत्या बँकेचे, कोणत्या ॲपचे आणि केव्हा बाजारात येणारे, हे प्रश्न टिप्पण्यांत हमखास येतात, बहुधा निव्वळ कुतूहलाने. त्यांना धन्यवाद देऊन तपशील टाळावा.

पोस्टखाली किंवा खासगी संदेशांत जुने सहकारी विचारतात की तुमच्याकडे जागा आहेत का. प्रोबेशनमध्ये असताना उघड उत्तर देऊ नये. कंपनीत ओळखीच्या उमेदवाराची शिफारस करण्याची पद्धत काय आहे, प्रोबेशनवरील कर्मचाऱ्याला ती करता येते का, आणि जुन्या कंपनीशी झालेल्या करारात तिथले लोक फोडण्यावर बंदी आहे का, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. अशी बंदी ठरावीक मुदतीसाठी असते आणि नेमणुकीच्या किंवा नोकरी सोडतानाच्या सही केलेल्या कागदांत ती सापडते; त्या तारखेपर्यंत विचारणाऱ्याला कंपनीच्या संकेतस्थळावरील नोकऱ्यांच्या पानाचा दुवा तेवढा पाठवावा.